सुरक्षा प्रशिक्षणाची प्रश्नपेढी: प्रश्नाची पातळी कशी ठरवायची, कशी राखायची

मागे एका कारखान्याची ४० प्रश्नांची पेढी माझ्याकडे तपासायला आली होती. विषय होता बंदिस्त जागेत प्रवेश, म्हणजे टाकी, रिॲक्टर, मॅनहोल, ईटीपीचा खड्डा अशा ठिकाणी उतरून करायचं काम. प्रत्येक प्रश्नासमोर विचारपातळी लिहिली होती. 'विश्लेषण' असा शिक्का असलेला एक प्रश्न असा होता: 'बंदिस्त जागेतील ऑक्सिजनच्या किमान पातळीचे विश्लेषण करा.' पर्याय होते १६, १८, १९.५ आणि २१ टक्के.

हा आठवणीचा प्रश्न आहे. त्यावर 'विश्लेषण' लिहून तो विश्लेषणाचा होत नाही. ४० पैकी ३७ प्रश्न याच जातीचे निघाले. अशा पेढीतून काढलेल्या चाचणीत सगळे पास होतात, आणि मीटरवरचे आकडे बघून परमिट द्यायचं की नाही हे कोणाला ठरवता येतं, ते कळतच नाही. ही चूक वारंवार दिसते, म्हणून पेढी कोणत्या क्रमाने बांधायची ते याच विषयाचं उदाहरण घेऊन लिहितो.

## तयारी: स्लाइड बाजूला ठेवा, परमिट हातात घ्या

बहुतेक जण प्रशिक्षणाच्या स्लाइड उघडतात आणि एकेका वाक्यातून प्रश्न काढत जातात. सगळे प्रश्न आठवणीचे होण्याचं मूळ इथेच आहे. स्लाइडवर विधानं असतात, आणि विधानातून विधानच विचारलं जातं.

त्याऐवजी तीन गोष्टी गोळा करा: तुमच्या कारखान्याचा बंदिस्त जागेचा कोरा परमिट, भरून बंद झालेले जुने दहा-पंधरा परमिट, आणि थोडक्यात निभावलेल्या घटनांच्या नोंदी. मग प्रत्यक्ष एक प्रवेश सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहून बघा. कोण कोणत्या क्षणी काय ठरवतो, एवढंच लिहा. 'परमिट देणारा मीटर बघून सही करतो.' 'स्टँडबाय माणूस मॅनहोलपाशी थांबतो, त्याला दुसऱ्या कामाला बोलावलं तर नाही म्हणतो.' 'आतला माणूस मीटरचा अलार्म वाजला की काम टाकून बाहेर येतो.'

अशा पंचवीस-तीस ओळी निघतात. या निर्णयांची यादी हाच पेढीचा पाया.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीत माणूस आणि क्रियापद आहे का? 'ऑक्सिजनचे महत्त्व' अशी ओळ असेल तर तो मथळा आहे, निर्णय नव्हे. खोडून टाका.

## टप्पा १: पातळ्या चारच ठेवा

बी.एड.च्या अभ्यासात सहा पातळ्या शिकवतात: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, सर्जन. बहुपर्यायी प्रश्नपेढीसाठी मी पहिल्या चारच घेतो. बचाव योजना तयार करणं हे सर्जन आहे, आणि ते चार पर्यायांतून निवडून दाखवता येत नाही. त्यासाठी कोरा कागद द्या. हार्नेस नीट घालता येतो का, हे तर लेखी विचारूच नका. घालायला सांगा आणि समोर उभं राहून बघा.

पातळी ओळखायची माझी रीत साधी आहे. प्रश्न सोडवणाऱ्याला डोक्यात काय करावं लागतं ते बघायचं.

वर्गात ऐकलेलं जसंच्या तसं परत सांगावं लागलं, तर स्मरण. कारण किंवा अर्थ स्वतःच्या शब्दांत धरावा लागला, तर आकलन. ठाऊक असलेला नियम न पाहिलेल्या परिस्थितीला लावावा लागला, तर उपयोजन. आणि कोणता नियम लागू होतो हेच आधी शोधावं लागलं, दोन माहित्या एकमेकींना छेद देत असताना कोणती खरी धरायची ते ठरवावं लागलं, तर विश्लेषण.

इथे दोन घोटाळे होतात. पहिला क्रियापदाचा: 'विश्लेषण करा', 'स्पष्ट करा' हे शब्द वाक्यात आले म्हणून पातळी चढत नाही. दुसरा काठिण्याचा: फारसा कुणाला ठाऊक नसलेला कलम क्रमांक विचारला तर प्रश्न अवघड होतो, वरच्या पातळीचा होत नाही. ऐंशी टक्के लोक चुकले तरी तो स्मरणाचाच.

सावधान: पातळी प्रश्नात एकटी राहत नाही, वर्गात काय शिकवलं यावरही ती ठरते. उत्तम विश्लेषणाचा प्रश्न प्रशिक्षकाने फळ्यावर सोडवून दाखवला, तर पुढच्या तासापासून तो स्मरणाचा झाला. म्हणून वर्गातली उदाहरणं आणि पेढीतली उदाहरणं वेगवेगळ्या वहीत ठेवा.

## टप्पा २: लिहिण्याआधी संविधान तक्ता

तक्ता न करता लिहायला बसलात तर सोप्या घटकावर सोपे प्रश्न साठत जातात. चाचणीत २० प्रश्न असतील तर पेढीत निदान त्याच्या तिप्पट असावेत, नाहीतर दुसऱ्या तुकडीपर्यंत उत्तरं फिरलेली असतात. ६० प्रश्नांचा तक्ता असा बसतो:

| घटक | स्मरण | आकलन | उपयोजन | विश्लेषण | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| धोका ओळखणे | ३ | ४ | ३ | २ | १२ |
| परमिट, लाइन बंद करणे | ३ | २ | ५ | २ | १२ |
| गॅस तपासणी | ३ | ४ | ६ | ३ | १६ |
| स्टँडबायचं काम | २ | २ | ६ | २ | १२ |
| बचाव | १ | २ | ४ | १ | ८ |
| एकूण | १२ | १४ | २४ | १० | ६० |

गॅस तपासणीला सर्वाधिक प्रश्न का? कारण निर्णयांच्या यादीत सर्वाधिक ओळी तिथे होत्या. तुमच्या यादीत लाइन ब्लाइंड करण्याच्या ओळी जास्त असतील तर तिथे वाढवा. आकडे माझे उचलू नका, पद्धत उचला.

स्मरणाचे प्रश्न शून्यावर आणू नका. अलार्म किती पीपीएमला वाजतो हे आतल्या माणसाला विचार न करता आठवलंच पाहिजे. आणि तिन्ही भूमिकांना, म्हणजे आत जाणारा, स्टँडबाय आणि परमिट देणारा, एकच चाचणी देऊ नका. प्रत्येक प्रश्नावर तो कोणासाठी आहे ते लिहा. विश्लेषणाचे बहुतेक प्रश्न परमिट देणाऱ्याच्या वाट्याला जातात.

## टप्पा ३: एकाच घटकावर चार पायऱ्या चढा

आता प्रत्यक्ष लिहिणं. घटक 'गॅस तपासणी' घेऊ. आमच्या परमिटवरच्या मर्यादा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या, म्हणजे हवेत पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या, १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली. तुमच्या परमिटवर वेगळ्या असतील तर प्रश्नात त्याच वापरा.

स्मरण. 'प्रवेशापूर्वी मीटरवरची रीडिंग कोणत्या क्रमाने बघायची?' उत्तर: ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. एवढंच.

आकलन. 'ऑक्सिजनचं रीडिंग सगळ्यात आधी का बघायचं?' योग्य उत्तर असं, की ज्वलनशील वायूचा कॅटॅलिटिक सेन्सर तो वायू स्वतःवर जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो; ऑक्सिजन फार कमी असेल तर त्याचं रीडिंग खोटं, म्हणजे कमी, दिसतं. इथे चुकीचा पर्याय 'कायद्यात तसा क्रम आहे म्हणून' असा ठेवा. पाठ करणारा नेमका तिथे जातो.

उपयोजन. 'ईटीपीच्या चार मीटर खोल टाकीत एलईएल सगळीकडे शून्य आहे. वर ऑक्सिजन २०.८ टक्के, हायड्रोजन सल्फाइड २ पीपीएम. मध्ये २०.४ आणि ५. तळाशी २०.१ आणि १८. परमिट द्यायचा का?' पर्याय:

- द्यायचा, कारण तिन्ही रीडिंगची सरासरी १० पीपीएमच्या आत आहे.
- द्यायचा, कारण मॅनहोलपाशी वास येत नाही.
- द्यायचा, पण आत जाणाऱ्याला धुळीचा मास्क द्यायचा.
- द्यायचा नाही; ब्लोअरने हवा खेळवून तिन्ही खोलींवर पुन्हा मोजायचं.

पहिला पर्याय मुद्दाम तसा रचला आहे. २, ५ आणि १८ ची सरासरी साधारण ८.३ येते, म्हणजे मर्यादेच्या आत. माणूस मात्र सरासरीत उभा राहत नाही, तळाशी उभा राहतो. मर्यादा ज्याला नुसती पाठ आहे तो इथे घसरतो.

विश्लेषण. 'टाकीत आधी टोल्युइन होतं. ती रिकामी करून नायट्रोजनने पर्ज केली आहे. मीटरचा ज्वलनशील वायूचा सेन्सर कॅटॅलिटिक प्रकारचा आहे. रीडिंग: ऑक्सिजन ६ टक्के, एलईएल शून्य. परमिट देणाऱ्याने काय निष्कर्ष काढावा?' पर्याय:

- ज्वलनशील वायू नाही. फक्त ऑक्सिजन वाढवायचा आणि प्रवेश द्यायचा.
- मीटर बिघडला आहे, कारण टाकीत ऑक्सिजन इतका कमी होऊ शकत नाही.
- एलईएलचं शून्य ग्राह्य धरता येत नाही. टोल्युइनची वाफ असेल तर हवा सोडताना मिश्रण पेटण्याजोगं होऊ शकतं.
- आगीचा धोका नाही, म्हणून हवेच्या सिलिंडरचा संच लावून लगेच प्रवेश देता येईल.

तिसरा बरोबर. तो शोधायला सेन्सर कसा काम करतो, टाकीत आधी काय होतं आणि पुढे हवा सोडल्यावर काय होईल, हे तिन्ही जोडावं लागतं. एकही वाक्य वर्गात जसंच्या तसं सांगितलेलं नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा लिहिला तेव्हा सेन्सरचा प्रकार मी लिहिलाच नव्हता. चाचणीनंतर एक जुना ऑपरेटर मीटर घेऊनच आला. म्हणाला, 'साहेब, आपल्या या नव्या मीटरमध्ये इन्फ्रारेड सेन्सर आहे, त्याला ऑक्सिजन लागत नाही. मग शून्य खोटं कसं?' तो बरोबर होता. माझ्या प्रश्नात सर्वांत जाणकार माणूस चुकीचा ठरत होता. वरच्या पातळीच्या प्रश्नात हाच धोका असतो: जी माहिती तुम्ही गृहीत धरता ती सोडवणाऱ्याला दिसत नाही.

तपासा: विश्लेषणाचा प्रश्न लिहून झाला की विचारा, 'यात काय बदललं तर उत्तर बदलेल?' ज्या ज्या गोष्टीने बदलतं ती प्रत्येक प्रश्नात लिहिलेली हवी.

## टप्पा ४: चुकीचे पर्याय खऱ्या चुकांमधून घ्या

बरोबर उत्तर लिहिणं सोपं असतं. पेढीचा कस लागतो तो चुकीच्या पर्यायांत. 'वरीलपैकी सर्व', 'वरीलपैकी नाही' आणि कोणीच निवडणार नाही असा विनोदी पर्याय, हे तिन्ही टाळा. तयारीत गोळा केलेल्या घटनांच्या नोंदी आता कामी येतात.

बंदिस्त जागेत खरोखर होणाऱ्या काही चुका बघा. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजणं. खरं तर हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकच तो वास ओळखेनासं होतं. ऑक्सिजन कमी असताना गाळणीचा, म्हणजे कॅनिस्टरचा मास्क लावणं. तो हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. 'हवा' म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर टाकीत सोडणं, ज्याने आगीचा धोका भयंकर वाढतो. आणि सर्वांत जुनी चूक, कोसळलेल्या सहकाऱ्याला वाचवायला स्टँडबायने स्वतः उडी घेणं. यातली प्रत्येक चूक एक तयार पर्याय आहे, कारण शहाण्या माणसालाही ती त्या क्षणी पटते.

चारही पर्यायांची लांबी सारखी ठेवा. बरोबर उत्तर सर्वांत लांब आणि सर्वांत सावध भाषेत लिहायची सवय आपल्या सगळ्यांना असते, आणि कामगारांना ती दोन चाचण्यांत कळते. वर विश्लेषणाच्या प्रश्नातही माझा बरोबर पर्याय लांबलाच आहे. पेढीत घालताना तो दोन शब्दांनी कापावा लागला.

भाषेबद्दल एकच सांगतो. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. 'अनुमेय', 'प्रतिबंधात्मक', 'निष्क्रियीकरण' असले शब्द आले की तुम्ही सुरक्षा सोडून वाचन तपासता आहात. लोक 'पर्ज' म्हणतात तर 'पर्ज' लिहा.

## टप्पा ५: पातळीचा शिक्का झाकून दुसऱ्याला द्या

सगळे प्रश्न पातळी न दाखवता दोघांना द्या: एक प्रशिक्षक, एक अनुभवी सुपरवायझर. दोघांनी स्वतंत्रपणे तीन गोष्टी लिहायच्या: उत्तर, पातळी, आणि उत्तर देताना मनात काय गृहीत धरलं ते. तिसरी ओळ सर्वांत मोलाची, तीच लोक भरत नाहीत. मागे लागून भरून घ्या.

उत्तरावर मतभेद असेल तर प्रश्न दुरुस्त होईपर्यंत बाजूला. पातळीवर मतभेद असेल तर बहुधा एकाने तो प्रश्न वर्गात घेतलेला असतो.

## टप्पा ६: चाचणी द्या आणि आकडे वाचा

एका तुकडीत ४० जण आहेत असं धरा. एकूण गुणांप्रमाणे उत्तरपत्रिका लावा आणि वरच्या व खालच्या २७ टक्के, म्हणजे प्रत्येकी ११, वेगळ्या काढा. प्रत्येक प्रश्नासाठी दोनच आकडे लागतात.

```
काठिण्य मूल्य = बरोबर उत्तरं / एकूण परीक्षार्थी
भेदक मूल्य = (वरच्या गटात बरोबर - खालच्या गटात बरोबर) / एका गटातील संख्या
```

टोल्युइनचा प्रश्न ४० पैकी २३ जणांनी बरोबर सोडवला असेल तर काठिण्य मूल्य ०.५८ येतं. वरच्या ११ पैकी ९ आणि खालच्या ११ पैकी ३ बरोबर असतील तर भेदक मूल्य सहा भागिले अकरा, साधारण ०.५५. ज्यांना विषय कळला आणि ज्यांना कळला नाही, त्यांना हा प्रश्न नीट वेगळं करतो. ठेवा.

आता दुसरा प्रश्न: 'आत गेलेला माणूस कोसळला. स्टँडबायने सर्वप्रथम काय करावं?' उत्तर ठरवलं होतं 'मदत मागावी'. वरच्या गटात ४ बरोबर, खालच्या गटात ७. भेदक मूल्य उणे ०.२७. उणे आकडा दिसला की परीक्षार्थ्यांना दोष देऊ नका, प्रश्न वाचा. चांगल्या लोकांनी 'ट्रायपॉडच्या विंचने वर ओढावं' हा पर्याय निवडला होता, कारण आमच्या परमिटप्रमाणे आतला माणूस हार्नेस आणि दोरीला बांधलेला असतो, मग ओढायला उशीर का करायचा? दोरी आहे की नाही हे प्रश्नात नव्हतंच. दुरुस्त प्रश्नात 'टाकीच्या आतल्या अडथळ्यामुळे दोरी लावता आली नाही' एवढी ओळ घातली आणि वाद मिटला.

सावधान: पुस्तकात लिहिलेलं असतं, की भेदक मूल्य शून्य आलं तर प्रश्न काढून टाका. सुरक्षेच्या पेढीत तसं करू नका. 'स्टँडबायने बचावासाठी आत उतरायचं का?' याला ४० च्या ४० जणांनी 'नाही' म्हटलं, तर भेदक मूल्य शून्य येईल, आणि आपल्याला तेच हवं आहे. असे जीवघेण्या चुकीचे प्रश्न वेगळ्या खुणेने नोंदवा. त्यांना उत्तीर्णतेची टक्केवारी लावू नका. त्यातला एक चुकला तरी पुन्हा शिकवून पुन्हा चाचणी.

आणखी एक मर्यादा. १५ जणांच्या तुकडीत २७ टक्के म्हणजे चारच माणसं. एकाने पर्याय बदलला की आकडा पाव अंशाने हलतो. लहान तुकड्यांचे निकाल साठवत जा आणि ३०-४० उत्तरं जमल्यावरच निर्णय घ्या.

## टप्पा ७: प्रत्येक प्रश्नाचं कार्ड

साध्या एक्सेलच्या शीटमध्ये एका ओळीला एक प्रश्न. रकाने: क्रमांक, घटक, पातळी, भूमिका, बरोबर उत्तर, ते बरोबर का, प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून आला, स्रोत आणि तपासल्याची तारीख, शेवटचे दोन आकडे, जीवघेणी खूण.

स्रोताचा रकाना रिकामा सोडू नका. उदाहरणार्थ, टाकीत न्यायच्या हातदिव्याची २४ व्होल्टची मर्यादा १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६-अ मधून आली. २०२० साली व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता संमत झाल्यावर, असे कलम सांगणारे प्रश्न पेढीत नेमके कुठे आहेत हे ज्यांनी स्रोत लिहिला होता त्यांना पाच मिनिटांत शोधता आलं. बाकीच्यांना सगळी पेढी चाळावी लागली. शक्यतो कलम क्रमांक विचारूच नका. '२३० व्होल्टचा हॅलोजन आत नेण्याची मागणी आली, तुम्ही काय कराल?' असं विचारलं की प्रश्न उपयोजनाचाही होतो आणि कलम बदललं तरी टिकतो.

पेढी वर्षातून एकदा उघडायची वेळ ठरवा, आणि शिवाय तीन प्रसंगी लगेच उघडा: मीटर बदलला, परमिटचा नमुना बदलला, किंवा कारखान्यात घटना घडली. आमचा इन्फ्रारेड मीटर आला तेव्हा गॅस तपासणीच्या १६ पैकी तीन प्रश्न एका दिवसात चुकीचे झाले होते. ऑपरेटर मीटर घेऊन येईपर्यंत ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.